मोजून एक लिटर

जुलाब झालेल्या बाळासाठी घरी जलसंजीवनी कशी तयार करायची, हे दाखवणारी एका संस्थेची 60 सेकंदांची चित्रफीत होती. तिचं मूळ निवेदन इंग्रजीत होतं. चित्र आणि संगीत सगळ्यांना एकच, त्यावर प्रत्येक राज्याने आपापल्या भाषेतला आवाज द्यायचा, असं ठरलेलं. त्यामुळे चित्र एका फ्रेमनेही लांबवायची सोय नव्हती. मराठी मजकुराचं काम एका अनुवादिकेकडे आलं. ती नेटकं लिहिणारी होती. मूळ मजकुरातला एकही मुद्दा तिने सोडला नाही. संस्थेच्या डॉक्टरांनी तो दोनदा तपासला आणि बजावलं, ‘‘औषधाचा मामला आहे. यातला एक शब्दही गाळायचा नाही.’’

निवेदनाला काकू आल्या. रेडिओवर उभी हयात गेलेली, त्यामुळे कागद हातात घेतला की वाक्याची लांबी त्यांना नजरेनेच कळायची. मजकूर वाचून त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘हे वाचायला छान आहे. बोलायला किती लागेल, बघू या.’’

पहिला टेक 79 सेकंदांचा झाला. काकूंनी वेग वाढवला. दुसरा टेक झाल्यावर रेकॉर्डिस्ट मुलाने वाक्यांमधले श्वास कापले, दोन शब्दांमधल्या फटी बुजवल्या, तेव्हा तो 66 सेकंदांवर आला. उरलेले सहा सेकंद त्याने सॉफ्टवेअरमधून काढले. सगळा आवाज त्याने दहा टक्क्यांनी पुढे पळवला. हल्ली असं केल्याने आवाज चिरका होत नाही, पट्टी तीच राहते. तीन-चार टक्क्यांची ओढाताण तर सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. दहा टक्क्यांना मात्र जोडाक्षरं एकमेकांना चिकटायला लागतात आणि वाक्याचा शेवटचा शब्द पुढच्या वाक्याखाली चेंगरतो. काकूंनी हेडफोन लावून ते ऐकलं आणि विचारलं, ‘‘अरे, यात माझा श्वास कुठे गेला?’’

पण मजकूर बरोबर 60 सेकंदांत बसला होता. डॉक्टरांनी ऐकला, अनुवादिकेने ऐकला. दोघांनाही शब्दन् शब्द कळला. कळणारच होता, दोघांनाही तो पाठ होता. ज्याला मजकूर आधीपासून माहीत आहे, त्याच्या कानाला घाई कळत नाही, कारण न ऐकू आलेला शब्द तो मनातूनच भरून काढतो. व्हॉइसओव्हरच्या कामात सर्वांत फसवा कान असतो तो लिहिणाऱ्याचा, आणि त्याखालोखाल तपासणाऱ्याचा.

संस्थेची एक पद्धत चांगली होती. चित्रफीत सगळीकडे पाठवण्याआधी ती कुठेतरी दाखवून बघायची. या वेळी जव्हार तालुक्यातला एक पाडा ठरला. तिथल्या बायकांची घरची बोली वारली. प्रमाण मराठी त्यांना कळते, पण ती शाळेची आणि दवाखान्याची भाषा. अंगणवाडीच्या ओट्यावर आशाताईंनी बायकांना गोळा केलं आणि मोबाइलवर चित्रफीत दोनदा लावली. मग प्रश्न वगैरे काही न विचारता एका तरुण आईच्या हातात जलसंजीवनीचं पाकीट दिलं. समोर पातेलं, तांब्या, पेला, बाटली असं सगळं मांडलेलं होतंच. ‘‘आता तू करून दाखव,’’ असं त्यांनी सांगितलं.

तिने हात धुतले. पेला घेतला, काठोकाठ पाणी भरलं, पाकीट फाडलं आणि सगळी पावडर त्या पेल्यात रिकामी केली. चमच्याने छान ढवळली. ती मांडीवरच्या पोराकडे वळली, तेव्हा आशाताईंनी तिचा हात धरला.

‘‘पाणी किती घ्यायला सांगितलं होतं, गं?’’

‘‘किती ते नाय कळलं. शुद्ध पाणी सांगितलं ना.’’

बाकीच्या बायकांनाही विचारलं. ‘शुद्ध’ सगळ्यांच्या लक्षात होतं, लिटर कुणाच्याच नाही.

डॉक्टर बाजूलाच उभे होते. पेल्यात काय तयार झालंय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. सरकारी पुरवठ्यातलं ते पाकीट 20.5 ग्रॅमचं, एक लिटर पाण्यासाठीचं. पेला साधारण 200 मिलिलिटरचा. म्हणजे मीठ पाचपट झालं. आधीच पाणी कमी झालेल्या बाळाच्या पोटात असं द्रावण गेलं, तर रक्तातलं सोडियम वाढतं आणि झटकेसुद्धा येऊ शकतात. त्या आईचा यात काही दोष नव्हता. दुकानात 200 मिलिलिटरसाठीची छोटी पाकिटंही मिळतात, ती एका पेल्यातच घालायची असतात. तिने तेच कधीतरी पाहिलेलं असणार. चित्रफितीने तिची जुनी सवय मोडायला हवी होती. चित्रफितीला ती मोडता आली नाही.

गाडीत बसल्यावर डॉक्टर अनुवादिकेला म्हणाले, ‘‘लिटर आपण सांगितलंय ना?’’

‘‘सांगितलंय, सर. एकदा.’’

‘‘आणि शुद्ध?’’

तिने कागद काढला. पाण्याचं वाक्य असं होतं : ‘स्वच्छ धुतलेल्या भांड्यामध्ये मोजून घेतलेले एक लिटर पिण्यायोग्य शुद्ध पाणी ओतावे, पाणी शुद्ध असल्याची खात्री नसल्यास ते प्रथम उकळून पूर्णपणे थंड करून घ्यावे.’ शुद्ध दोनदा आलं होतं. आणि हे सगळं नऊ सेकंदांच्या दृश्यावर.

दुसऱ्या दिवशी ती काकूंकडे गेली. काकूंनी तिच्या हातचा मजकूर बाजूला ठेवला आणि चित्रफीत आवाज बंद करून लावली. ‘‘आता बघ, आणि नुसत्या चित्रावरून तुला काय काय कळतं ते सांग.’’

ती सांगत गेली. बाळ मलूल आहे. आई साबणाने हात धुतेय. बाटलीतून पातेल्यात पाणी ओततेय. पाकीट कात्रीने कापून पावडर टाकतेय, ढवळतेय, चमच्याने पाजतेय. मग गोळी. मग आशाताई दारात उभ्या आहेत आणि खाली संस्थेचं नाव.

‘‘आता हे तुझ्या मजकुरात किती वेळा आलंय, ते बघ.’’

बहुतेक सगळं आलं होतं. हात साबणाने धुवून कोरडे करावेत, पाकिटाचा कोपरा कात्रीने कापावा, चमच्याच्या साहाय्याने ढवळावे, आणि शेवटी पडद्यावर लिहिलेलं संस्थेचं लांबलचक नाव पुन्हा तोंडानेही. डोळ्यांना जे दिसतंय, तेच कानालाही ऐकवण्यात निम्मे सेकंद चालले होते. उलट चित्रातून जे कधीच कळणार नाही, ते घाईत उरकलं होतं : पाकीट अर्धं नाही, सगळं टाकायचं, उरलेलं पाणी 24 तासांनी फेकायचं, जुलाब थांबले तरी गोळी बंद करायची नाही.

‘‘म्हणजे दिसतंय ते गाळायचं आणि दिसत नाही ते ठेवायचं,’’ अनुवादिका म्हणाली.

‘‘मग लिटरचं काय करशील? ते तर दिसतंय. बाटली आहे ना चित्रात.’’

इथे ती थांबली. बाटली दिसत होती खरी. पण मोबाइलच्या पडद्यावर अर्ध्या लिटरची बाटली आणि एक लिटरची बाटली सारखीच दिसते. पातेलंही किती मोठं, ते कळत नाही. पाण्याचं माप दिसतं, पण वाचता येत नाही. पाड्यावरच्या आईचाही घात नेमका तिथेच झाला होता. मजकूर कापायला बसणारे बहुतेक जण इथेच चुकतात. चित्रात वस्तू आहे ना, मग शब्द नको, असं ते ठरवून टाकतात. पण माप, मुदत आणि ‘किती वेळा’ या गोष्टी चित्राच्या भरवशावर टाकता येत नाहीत.

मग दोघी मोजायला बसल्या. काकूंनी घड्याळ लावून, नेहमीच्या निवांत चालीत, एक साधा उतारा उभं राहून मोठ्याने वाचला. मनातल्या मनात वाचलेलं इथे उपयोगाचं नाही, मनातलं वाचन नेहमी जास्त भरभर होतं. दहा सेकंदांत 55 अक्षरांच्या आसपास बसली. शब्द मोजून मराठीत अंदाज चुकतो, कारण ‘महिन्यांवरील’ हा मोजायला एक शब्द, पण तोंडात सहा अक्षरं. म्हणून अभंगात मोजतात तशी अक्षरंच मोजली, जोडाक्षर एक धरून. हा आकडा काकूंच्या आवाजाचा. दुसऱ्या आवाजाचा वेगळा येईल. आणि जोडाक्षरांनी गच्च भरलेल्या वाक्याला मोजणीपेक्षा जास्तच वेळ लागतो. त्यामुळे मोजणी फक्त लिहिताना मर्यादा कळावी म्हणून. शेवटचा निकाल घड्याळाचाच.

पाण्याच्या दृश्याचे नऊ सेकंद. दृश्य बदललं की नजरेला नव्या चित्रावर स्थिरावायला अर्धा सेकंद सोडला, शेवटी एक सेकंद मोकळा ठेवला. उरले साडेसात, म्हणजे फार तर 41 अक्षरं. जुनं वाक्य मोजलं : 66. त्या दृश्यात ते बसणं कधी शक्यच नव्हतं, आणि हे पहिल्या दिवशी, स्टुडिओचं भाडं सुरू व्हायच्या आधी, पाच मिनिटांत कळलं असतं.

गोळीचं दृश्य तर कागदावर अगदीच लहान दिसत होतं. ‘2 ते 6 महिने वयाच्या बालकांना 10 मि.ग्रॅ. व 6 महिन्यांवरील बालकांना 20 मि.ग्रॅ. झिंकची गोळी दररोज 14 दिवस द्यावी.’ आकडे आणि टिंबं असलेला मजकूर डोळ्यांना तोकडा वाटतो. काकूंनी तो बोलायचा तसा लिहायला लावला : दहा मिलिग्रॅम, वीस मिलिग्रॅम, चौदा दिवस. मोजलं तर 56 अक्षरं, म्हणजे दहा सेकंद. दृश्य सात सेकंदांचं.

नवा मजकूर दृश्यागणिक तयार झाला. डाव्या बाजूला दृश्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं त्याची वेळ, मग किती अक्षरं मावतील तो आकडा, मग वाक्य. हात धुण्याच्या दृश्यावर फक्त ‘आधी हात धुवा’ आणि पुढे नुसता पाण्याचा आवाज. पाण्याच्या दृश्यावर : ‘स्वच्छ भांड्यात एक लिटर पाणी घ्या. मोजून, एक लिटर. पाणी उकळून गार केलेलं असावं.’ 35 अक्षरं. पाजण्याचं दृश्य बारा सेकंदांचं, म्हणून चित्राबाहेरचं बरंचसं तिथे गेलं : ‘एकेक चमचा, थोडं थोडं पाजा. उलटी झाली, तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा पाजा. उरलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्या.’ 48 अक्षरं, आणि वाक्यांच्या मध्ये ऐकणारीला श्वास घ्यायला जागा.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि पहिला आक्षेप घेतला तो लिटरवरच. ‘‘तुमच्याकडे जागा नाही म्हणून माझी वाक्यं कापलीत, आणि इथे तीच गोष्ट दोनदा?’’

काकू म्हणाल्या, ‘‘सर, पाड्यावर दोनदा काय ऐकू गेलं? शुद्ध. तेच राहिलं ना डोक्यात?’’

डॉक्टर काही बोलले नाहीत. पुढच्या ओळीवर गेले. तिथे ते अडले, आणि ते अडणं रास्त होतं. ‘‘गोळी किती द्यायची, तेच काढून टाकलंत. आईने उद्या लहानग्याला मोठ्याची गोळी दिली तर?’’

अनुवादिकेने याचा विचार करून ठेवला होता. वयाप्रमाणे दोन मात्रा सात सेकंदांत सांगितल्या, तर त्या लक्षात राहणार नाहीतच, शिवाय एकमेकींत मिसळण्याची भीती जास्त. पाड्यावर गोळी आईला आशाताईंकडूनच मिळते, आणि शेवटच्या पाच सेकंदांत दारात त्याच उभ्या आहेत. तिथे जुन्या मजकुरात संस्थेचं नाव वाचून दाखवलं होतं. ते नाव पडद्यावर असल्यामुळे तोंडून काढलं, आणि जागा झाली. गोळीच्या दृश्यावर : ‘झिंकची गोळी चौदा दिवस द्या. जुलाब थांबले, तरी चौदा दिवस.’ आणि आशाताईंच्या चेहऱ्यावर : ‘गोळी किती द्यायची, ते आशाताई सांगतील.’

‘‘मग त्यांना ते पक्कं माहीत आहे की नाही, ते मी बघतो,’’ डॉक्टर म्हणाले, आणि तसं खाली लिहून सही केली.

मजकूर बसला म्हणजे काम झालं, असं मात्र नव्हतं. पहिल्याच टेकला काकूंचं वाचन दोन सेकंद आधी संपलं आणि रेकॉर्डिस्ट खूश झाला. पण चित्राबरोबर लावून पाहिलं तर भलतंच. पडद्यावर आई अजून पाणी ओततेय आणि आवाज सांगतोय, ‘पाकिटातली सगळी पावडर टाका.’ पहिल्या वेळी कान मागे पडत होता, आता तो चित्राच्या पुढे धावत होता. मजकूर तोकडा झाला की मोकळा वेळ हाताशी येतो; पण तो नेमका कुठे सोडायचा, हे ठरवलं नाही तर तो सगळा शेवटी जाऊन साचतो. मग मुलाने काकूंच्या समोर पडदा लावला, कोपऱ्यात सेकंद आणि फ्रेमचा आकडा दिसेल असा. प्रत्येक वाक्य आपल्या दृश्याबरोबरच सुरू व्हायचं. चौथ्या दृश्यात पावडर पडायला लागते ती 24व्या सेकंदाला. काकू तोपर्यंत तोंड मिटून बसल्या. ‘एक लिटर’ हे शब्द त्यांनी दोन्ही वेळा बाटली वाकडी असतानाच घेतले. या वेळी श्वास कापला नाही आणि वेगही वाढवला नाही. फक्त पाजण्याच्या दृश्यात ‘पुन्हा पाजा’ अर्धा सेकंद पुढे सरकवलं, कारण तिथे बाळाचा घोट गिळण्याचा आवाज होता आणि तो झाकायला काकूंना जिवावर आलं.

पुन्हा जव्हार. ओटा तोच, पण बायका वेगळ्या, कारण मागच्या बायकांना आता उत्तर माहीत होतं आणि त्यांच्याकडून खरं-खोटं कळलं नसतं. या वेळच्या आईने समोरच्या भांड्यांकडे पाहिलं आणि पेला उचललाच नाही. पाण्याची विकत मिळते तशी रिकामी बाटली तिथे होती, ती तिने हातात घेऊन उलटसुलट केली. ‘‘ही लिटरची हाय ना?’’ आशाताईंनी तिलाच वाचायला सांगितलं. वाचता येत नव्हतं. शेजारणीने बाटलीवरचा आकडा वाचून दिला. मग तिने बाटली गळ्यापर्यंत भरून पातेल्यात ओतली, पाकीट टाकलं आणि पाकिटाचा कोपरा पाण्यावर दोनदा झटकला, आत काही राहू नये म्हणून. किती दिवस गोळी, असं विचारल्यावर चौदा म्हणाली. उरलेलं पाणी कधी फेकायचं, हे मात्र तिला सांगता आलं नाही. बाकीच्यांपैकी काहींना आलं, काहींना नाही.

डॉक्टरांनी तेही टिपून घेतलं. ‘‘चोवीस तासांचं वाक्य तिसरं आहे तिथे,’’ ते अनुवादिकेला म्हणाले. ‘‘उलटीच्या मागे लपतंय. पहिलं करून बघायचं का?’’

ती वही उघडून अक्षरं मोजायला लागली, तेवढ्यात आशाताईंनी मध्येच विचारलं, हे वारलीत का नाही करत? आवाज मी देते. तिथेच ओट्यावर बसून त्यांनी पाण्याचं वाक्य आपल्या बोलीत म्हणून दाखवलं, बाईला समोर बसवून सांगावं तसं. रेकॉर्डिस्टने मोबाइलवर वेळ लावली : अकरा सेकंद. दृश्य नऊचंच. अनुवादिकेने नवं पान उलटलं, डावीकडे वेळा लिहिल्या, आणि आशाताईंना म्हणाली, ‘‘आधी एक उतारा वाचा तुमच्या चालीने. दहा सेकंदांत तुमचं किती बसतं, ते बघू.’’